दुपारच्या लांब बैठकीत काय खावं, काय प्यावं: साखरेची उसळी आणि झापड टाळण्यासाठी

जेवून कामाला किंवा अभ्यासाला बसलं की दोन-अडीचच्या सुमारास डोळे जड होतात. काहीतरी गोड खावंसं वाटतं, खाल्ल्यावर थोडं बरं वाटतं आणि तास-दोन तासांत परत मागचीच अवस्था येते. मग दुसरा चहा, दुसरं बिस्किट. पाच वाजेपर्यंत पोट भरलेलं असतं, डोकं मात्र रिकामं. यातून बाहेर पडायला खाण्यावर फार बंधनं घालावी लागत नाहीत. कुठली गोष्ट कोणत्या वेळी आणि कशासोबत घ्यायची, एवढं जमलं की बरंच काम होतं. पहिल्यांदाच याकडे लक्ष देणाऱ्यांसाठी हे सगळं ज्या क्रमाने करून बघावं त्याच क्रमाने लिहितो आहे.

पायरी १: आधी झापड कुठली आहे ते ओळखा

दुपारच्या सगळ्या सुस्तीचं खापर साखरेवर फोडणं बरोबर नाही. आपल्या शरीराच्या घड्याळात दिवसाचा एक उतार असतोच. साधारण एक ते चारच्या दरम्यान तो येतो आणि जेवण केलं नाही तरी येतो. रात्रीची झोप कमी झाली असेल तर तो जास्त खोल जाणवतो. ही झापड कुठल्याही खाण्याने जात नाही. उलट ती घालवायला म्हणून जे खाल्लं जातं, त्यातून पुढची झापड तयार होते.

दुसरी झापड जेवणाची. जेवण भरपेट असेल आणि त्यात पांढरा भात, पाव, पास्ता असा पिष्टमय भाग मोठा असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात अंग जड होतं. इथे मधल्या वेळच्या खाण्याला काही करता येत नाही, जेवणाचं ताटच बदलावं लागतं. पिष्टमय भाग थोडा कमी करायचा, डाळ, अंडं, मासा, पनीर यांपैकी काहीतरी वाढवायचं आणि भाज्या आधी खायच्या. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी, असा क्रम ठेवला तर तेच जेवण रक्तातली साखर कमी चढवतं, हे टाइप २ मधुमेह असलेल्यांवर करून पाहिलेलं आहे. निरोगी माणसालाही यात गमावण्यासारखं काही नाही.

तिसरी झापड आपल्या विषयाची. गोड पेय किंवा गोड खाणं घेतल्यावर रक्तातली साखर साधारण अर्ध्या ते एक तासात शिखर गाठते. तिला खाली आणायला इन्सुलिन येतं. काही जणांमध्ये ही उतरण जरा जास्तच होते आणि खाल्ल्यानंतर दोन-तीन तासांनी साखर मूळ पातळीच्याही खाली जाते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांची साखर अशी खाली जाते त्यांना भूक लवकर लागते आणि पुढच्या वेळी ते जास्त खातात, असं दिसलं. निरोगी माणसात ही घसरण सहसा धोकादायक पातळीपर्यंत जात नाही, पण चिडचिड, लक्ष उडणं आणि परत गोडाची ओढ लागणं एवढ्याला ती पुरेशी असते.

ओळखायचं कसं? घड्याळ बघून. कागदाच्या कडेला तीन-चार दिवस दोनच वेळा लिहा: शेवटचं काय खाल्लं-प्यायलं ते कधी, आणि झापड आली ती कधी. जेवणानंतर तासाभरात येत असेल तर ताट बघा. काहीही खाल्लं तरी रोज त्याच वेळी येत असेल तर ते शरीराचं घड्याळ. गोडानंतर दोन-तीन तासांनी, भुकेसकट येत असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत.

गोड खाल्लं की तरतरी येते, हा समज मात्र सोडून द्यावा. या विषयावरचे अनेक प्रयोग एकत्र करून २०१९ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात साखरेने मूड सुधारल्याचं दिसलं नाही. कर्बोदकं घेतल्यावर पहिल्या तासाभरात थकवा वाढला आणि सावधपणा कमी झाला. जी तरतरी वाटते ती बऱ्याचदा गोड चहा-कॉफीतल्या कॅफीनची असते, किंवा खुर्चीवरून उठून चार पावलं चालल्याची.

पायरी २: वाटीच्या आधी पेला बदला

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई करू नका.

साखर चावून खाल्ली आणि साखर प्यायली यात वेगाचा फरक आहे. १९७७ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो, कारण तो कोणालाही समजावा इतका साधा आहे. दहा निरोगी माणसांना तेवढीच कर्बोदकं तीन रूपांत दिली: अख्खी सफरचंदं, सफरचंदाचा लगदा आणि गाळलेला रस. रस पिऊन संपायला अख्खं फळ खाण्याच्या अकरापट कमी वेळ लागला. त्यानंतर रस प्यायलेल्यांची साखर चढून जोरात खाली आली, लगद्याने ती घसरण कमी झाली आणि अख्ख्या फळाने जवळजवळ झालीच नाही. फळ तेच, साखर तेवढीच. गेला होता तो फक्त चोथा, आणि चावायला लागणारा वेळ.

म्हणून ‘साखर न घातलेला’ असं लिहिलेला फळांचा रसही दुपारच्या बैठकीत गोड पेयच समजावा. त्यात वरून साखर घातलेली नसते हे खरं, पण २५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात फळाचीच साखर २० ग्रॅमच्या पुढे असते. एक चहाचा चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम, म्हणजे पेल्यात पाच चमचे. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरातली अशी मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेली, मधातली आणि रसातली, शक्य असेल तर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. एका कॅनने ती मर्यादा दुपारीच ओलांडली जाते.

बाटलीवरची माहिती वाचायची एकदाच सवय लावून घ्या. मागच्या बाजूच्या तक्त्यात आकडे बहुधा १०० मिलिलिटरचे असतात किंवा एका ‘सर्व्हिंग’चे, आणि बाटलीत तशा दोन-अडीच सर्व्हिंग भरलेल्या असतात. समजा, ५०० मिलिलिटरच्या आइस टीवर १०० मिलिलिटरमागे ७ ग्रॅम साखर लिहिली आहे. आकडा किरकोळ वाटतो. पाचाने गुणलं की ३५ ग्रॅम होतात, जवळपास नऊ चमचे. बाटली उघडली की आपण ती संपवतोच, त्यामुळे हिशेब अख्ख्या बाटलीचाच करायचा.

मग प्यायचं काय? पहिलं उत्तर पाणी, आणि ते टेबलावर डोळ्यांसमोर हवं. शरीरातलं पाणी थोडंसं जरी कमी झालं तरी एकाग्रता ढळते आणि डोकं दुखायला लागतं, आणि बैठ्या कामात तहान लागल्याचं कळतच नाही. अर्धा लिटरची बाटली जेवणानंतर भरून ठेवा आणि चार वाजेपर्यंत संपवा. उन्हाळा असेल तर आणखी एक. नुसतं पाणी जात नसेल तर लिंबाची फोड, काकडीचे काप, पुदिना टाका. साधा सोडा चालतो. बिनसाखरेचं ताक चालतं. दुधातली साखर फार नसते, १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्यासोबत प्रथिनं असतात. त्यामुळे चहा-कॉफीतल्या दुधाची काळजी करू नका, काळजी वरून पडणाऱ्या चमच्यांची.

ते चमचे एकदम शून्यावर आणायला गेलात तर चार दिवसांत परत जुन्या जागी याल. दोन चमचे घेत असाल तर आठवडाभर दीड घ्या, मग एक, मग अर्धा. जीभ हळूहळू जुळवून घेते.

पायरी ३: कॅफीनची वेळ झोपेकडून मागे मोजा

दिवसभर आपल्या मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानेच झोप यायला लागते. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. अ‍ॅडिनोसिन मात्र नाहीसं होत नाही, ते बाजूला थांबून राहतं. परिणाम अर्ध्या ते एक तासात पूर्ण जाणवतो. घेतलेल्यापैकी निम्मं कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते आणखी हळू बाहेर पडतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की रात्री अकराला झोपणाऱ्या माणसाने शेवटची कॉफी अडीच-तीनपर्यंत घ्यावी. पाच वाजता घेतलेल्या मोठ्या कपातलं निम्मं कॅफीन दहा वाजता अजून अंगात असतं. झोप लागली तरी ती हलकी लागते, आणि त्याची भरपाई उद्या दुपारी द्यावी लागते. अनेकांची दुपारची झापड आदल्या दिवशीच्या संध्याकाळच्या कपातून सुरू झालेली असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून पुन्हा संध्याकाळीच कप भरला जातो.

प्रमाणाचं म्हणाल तर फिल्टर कॉफीच्या २४० मिलिलिटर कपात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, तेवढ्याच काळ्या चहात त्याच्या निम्म्याच्या आसपास. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत राहावं, गरोदर स्त्रीने २००च्या आत. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटर कॅनमध्ये कॅफीन एका कॉफीइतकंच, ८० मिलिग्रॅमच्या घरात, पण त्यासोबत बहुधा २७ ग्रॅम साखर येते. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी हे कॅन एकामागून एक पितात. त्यातून कॉफीपेक्षा वेगळी अशी काही शक्ती मिळत नाही.

पायरी ४: वाटी भरताना जोडी लावा

आधी एक प्रश्न: खरंच भूक आहे का? सफरचंद किंवा मूठभर फुटाणे समोर ठेवले तर खाल का? उत्तर ‘हो’ असेल तर भूक आहे, खा. फक्त चॉकलेटच हवं असेल तर ती भूक नसावी. पाणी प्या, पाच मिनिटं चाला आणि मग परत विचारा.

भूक असेल तेव्हाचा नियम सोपा आहे. गोड किंवा पिष्टमय गोष्ट एकटी खायची नाही, तिच्याबरोबर प्रथिनं, स्निग्ध पदार्थ किंवा चोथा हवा. हे तिन्ही अन्न पोटातून पुढे सरकण्याचा आणि साखर रक्तात शिरण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे चढही कमी आणि उतारही कमी. केळं एकटं खाण्यापेक्षा लहान केळं आणि मूठभर शेंगदाणे. सफरचंद आणि पाच-सहा बदाम. बिनसाखरेच्या घट्ट दह्याची वाटी आणि त्यात चिरलेलं फळ. उकडलेलं अंडं आणि काकडी-गाजर. फुटाणे तर एकटेच पुरतात, कारण त्यांच्यात प्रथिनं आणि चोथा दोन्ही आहे. गव्हाच्या अख्ख्या पिठाच्या पावाचा एक तुकडा आणि त्यावर बिनसाखरेचं पीनट बटर, हेही उत्तम. केळं जितकं काळ्या ठिपक्यांचं तितकं ते साखर लवकर चढवतं, म्हणून दुपारसाठी जरा कडक, पिवळंच केळं निवडा.

प्रमाण मात्र पाळायला हवं. भाजलेले शेंगदाणे ३० ग्रॅम म्हणजे एक छोटी मूठ. त्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि साखर जवळजवळ नाहीच, पण उष्मांक १७०च्या आसपास असतात. पाकीट शेजारी ठेवून काम करत बसलात तर नकळत तीन मुठी पोटात जातात आणि पोट जड होऊन झापड वेगळ्या वाटेने परत येते. म्हणून पाकीट स्वयंपाकघरात राहू द्या आणि टेबलावर फक्त मोजलेली वाटी आणा. दुसऱ्यांदा घ्यायला उठावं लागलं की खरी भूक आहे का ते लगेच कळतं.

एक दुपार, तपशिलात

ओळखीतली एक मुलगी घरून काम करते आणि रात्री अकराला झोपते. एक वाजता जेवण, भात भरपूर. दोनला दोन चमचे साखर घातलेला चहा आणि चार गोड बिस्किटं. साडेतीनला डोळे मिटायला लागले की पेलाभर संत्र्याचा रस, ‘आरोग्यदायी’ म्हणून. साडेपाचला इतकी मरगळ यायची की मोठा कप कॉफी, तोही गोड. रात्री साडेबारापर्यंत झोप नाही.

साखरेचा हिशेब केला: चहाचे ८ ग्रॅम, बिस्किटांचे अंदाजे १०, रसाचे २० ते २२, कॉफीचे आणखी ८. दुपारभरात पंचेचाळीसच्या पुढे, आणि त्यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त प्यायलेले. तिच्या डोळ्यांसमोर मात्र फक्त बिस्किटं होती, ती तेवढी बंद करायचा तिचा विचार होता.

बिस्किटांना आम्ही पहिल्या आठवड्यात हात लावला नाही. बदलला तो रस आणि कॉफीची वेळ. रसाच्या जागी अख्खं संत्रं आणि सहा बदाम. साडेपाचची कॉफी उचलून दोन वाजता आणली, एक चमचा साखर घालून, आणि दोनचा चहा काढून टाकला. जेवणानंतर लगेच खुर्चीत न बसता दहा मिनिटं घरातल्या घरात चालणं. खाल्ल्यावर स्नायू हलले की ते रक्तातली साखर थेट वापरायला लागतात, त्यामुळे ही दहा मिनिटं कुठल्याही खाण्याइतकीच कामाची आहेत.

दुसऱ्या आठवड्यात भात एक-तृतीयांश कमी, डाळ आणि भाजी तेवढी जास्त. बिस्किटांची इच्छा तोवर आपोआप कमी झाली होती. चारनंतर भूक लागायची म्हणून दह्याची वाटी साडेचारला ठेवली. अडीचची किंचित सुस्ती अजूनही येते, ती शरीराच्या घड्याळाची आहे. त्या वेळेला ती आता अवघड लिखाण ठेवत नाही, फोन आणि किरकोळ कामं ठेवते. साडेपाचची मरगळ गेली, आणि झोप अकराच्या सुमारास यायला लागली.

जिथे फसायला होतं

आरोग्याच्या नावाखाली विकले जाणारे बार आणि ग्रॅनोला यांत पुष्कळदा बिस्किटाइतकीच साखर असते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिल्या तिनात साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा मध दिसला तर ते गोड खाणंच. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण रक्तात साखर वेगाने चढवतं. फळांच्या स्वादाच्या दह्यात १०० ग्रॅममागे १२ ते १५ ग्रॅम साखर सापडते, साध्या दह्यात चार-पाचच, तीही दुधाची. ‘शुगर फ्री’ बिस्किटांतला मैदा तसाच असतो, आणि त्यांतली माल्टिटॉलसारखी गोडी जास्त झाली तर पोट फुगतं.

चोथा एकदम वाढवला तरीही पोट फुगतं. कडधान्यं आणि फुटाणे खायची सवय नसेल तर अर्ध्या मुठीपासून सुरुवात करा आणि पाणी वाढवा.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मधलं खाणं किंवा जेवणातला भात स्वतःच्या मनाने कमी करू नये. औषधाचा डोस त्या खाण्यावर बेतलेला असतो आणि रक्तातली साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. हात थरथरणं, घाम सुटणं, गोंधळल्यासारखं होणं ही तिची लक्षणं. त्या क्षणी रस किंवा साखरच लागते. बदाम त्या वेळी कामाचे नाहीत, कारण ते हळू काम करतात.

आणि हे सगळं तीन-चार आठवडे नीट केलं, रात्री सात-आठ तास झोपही होते आहे, तरी दुपारी बसल्या जागी डोळा लागतो, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकल्यासारखं होणं घरच्यांनी पाहिलं असेल तर तेही आवर्जून सांगा. कागदाच्या कडेला लिहिलेल्या त्या वेळा सोबत न्या, डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो.